रस्सा चुकून वाढला आणि बिलातून व्हेज थाळीच गायब झाली

प्रश्न: गेल्या रविवारी आई-बाबांना घेऊन पुण्याहून अंबाबाईच्या दर्शनाला आलो होतो. दुपारी कोल्हापुरातल्या एका थाळीच्या हॉटेलात जेवलो. मी आणि बायको मटण थाळी, आई-बाबा व्हेज थाळी. बाबा माळकरी आहेत, 22 वर्षं झाली माळ घालून. दुसऱ्यांदा पांढरा रस्सा वाढला त्यात बाबांच्या तोंडात हाडाचा बारका तुकडा आला. वाढणारा मुलगा म्हणाला "चुकून झालं साहेब". मॅनेजरने माफी मागितली, म्हणाला व्हेज थाळीचे पैसे घेत नाही. मटण थाळी 380 ची, आमच्या दोघांचे 798 घेतले. बायकोने वाटीचा फोटो काढलाय. बाबा घरी आल्यापासून नीट जेवत नाहीत. हॉटेलला एकदम कडक पत्र लिहायचंय. कुणाच्या नावाने लिहू आणि 5 लाख मागितले तर चालतील का?

उत्तर: दादा, आधी ते बिल काढून समोर ठेवा. 380 च्या दोन थाळ्या म्हणजे 760, त्यावर 5 टक्के जीएसटी 38, झाले 798. म्हणजे तुमच्या बिलावर फक्त दोन मटण थाळ्या आहेत, आणि त्या दिवशी तुमच्या टेबलावर कुणी व्हेज थाळी मागवली होती असं सांगणारा एकही कागद आज तुमच्याकडे नाही. मॅनेजरने चांगुलपणाच केला असेल, मी त्याच्या मनात शिरत नाही, पण त्या चांगुलपणाने तुमचा सगळ्यात मोठा पुरावा पुसून टाकला. पत्र किती कडक लिहायचं हे नंतर बघू, आधी पुसलं गेलेलं परत कागदावर कसं आणायचं ते बघावं लागेल.

मी कोल्हापुरात ग्राहक आयोगात वकिली करते, पण त्याआधी आमच्या घरची खानावळ होती आणि कॉलेजात असताना मी गल्ल्यावर बसायचे, त्यामुळे या प्रकारात दोन्हीकडचं बघितलंय. पत्र लिहिण्याआधी चूक कशी झाली हे समजून घ्या, कारण बाहेरगावच्या माणसाला ते कळत नाही आणि मग पत्रात नको ते आरोप जातात.

आमच्याकडे थाळीबरोबर तांबडा-पांढरा येतो आणि तो परत परत वाढतात. मूळ पांढरा रस्सा म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, ज्याला आम्ही अळणी म्हणतो, त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजूचं वाटण, आलं-लसूण आणि थोडा खडा मसाला. पण आता बाहेरून येणारे शाकाहारी लोक पण "पांढरा रस्सा पाहिजे" म्हणतात म्हणून बऱ्याच हॉटेलांत त्याची व्हेज आवृत्ती करतात, तेच वाटण, फक्त अळणीच्या जागी साधं पाणी नाहीतर भाज्यांचं पाणी. दिसायला दोन्ही सारखेच पांढरे. पहिली वाटी किचनमधून थाळीतच भरून येते, तिथे सहसा चूक होत नाही कारण थाळ्या लावणारा माणूस ठरलेला असतो. चूक होते ती दुसऱ्या फेरीला. रविवारची दुपार, दर्शनाची गर्दी, एक पोरगं स्टीलची बादली आणि वगराळं घेऊन टेबलाटेबलांवरून फिरतंय, त्याला दिसते ती रिकामी वाटी, वाटीमागचा माणूस दिसतच नाही. तुमच्या बाबतीत पण दुसऱ्यांदा वाढतानाच झालं ना? म्हणजे बहुतेक असंच झालंय. तेव्हा पत्रात "मुद्दाम आमचा धर्म बाटवला" वगैरे लिहू नका. ते सिद्ध होणार नाही आणि ते एक वाक्य खोटं पडलं की बाकीची खरी वाक्यं पण संशयात येतात. धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा पण यात बसत नाही, तिथे जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेलं कृत्य लागतं, वाढप्याची चूक म्हणजे तो हेतू नव्हे. निष्काळजीपणा मात्र शंभर टक्के आहे आणि ग्राहक कायद्याला तेवढं पुरतं. सेवेतली त्रुटी दाखवायला हेतू दाखवावा लागत नाही.

आता हॉटेलचा वकील काय म्हणेल ते सांगते, कारण पत्र खरं तर त्याच्यासाठीच लिहायचं असतं, मालक वाचून बाजूला ठेवेल पण उद्या केस झाली तर तुमच्या पत्रातला शब्द न शब्द तोच चाळणार.

तो पहिलं म्हणेल, बिलावर दोन मटण थाळ्या आहेत, व्हेज ऑर्डर होती कशावरून? ही नुसती कल्पना नाही. मुंबईत 2025 मध्ये एका ग्राहक आयोगाने मोमोच्या अशाच तक्रारीत ग्राहकांचा दावा फेटाळला, त्यात एक मोठं कारण हेच होतं की बिलावरच चिकनचा पदार्थ लिहिलेला होता. वर आयोगाने असंही म्हटलं की इतके कट्टर शाकाहारी असाल तर दोन्ही प्रकार मिळणाऱ्या ठिकाणी ऑर्डर केलीच कशाला. हे दुसरं मत मला स्वतःला पटत नाही, कोल्हापुरात जेवायला गेलेल्या कुटुंबात दोघं खाणारे दोघं न खाणारे हे इतकं नेहमीचं आहे की तसं म्हटलं तर निम्म्या घरांनी एकत्र बाहेर जेवूच नये, आणि एका जिल्ह्याच्या आयोगाचं मत दुसऱ्यावर बंधनकारक पण नसतं. पण वकील ते दाखवणार हे नक्की.

दुसरं म्हणेल, टेबलावर मटण थाळ्या होत्याच, तुमच्याच वाटीतलं हाड त्यांच्या वाटीत गेलं असेल. तुमच्या केसमधली ही सगळ्यात अवघड बाजू आहे.

आणि तिसरं म्हणेल, त्या थाळ्यांचे पैसे आम्ही घेतलेच नाहीत, कायद्यात फुकट दिलेली सेवा ही सेवाच नाही, मग तक्रार कसली. ऐकायला विचित्र वाटतं पण कायद्यात मोफत सेवा खरंच वगळलेली आहे, त्यामुळे हा मुद्दा हमखास येतो. त्याला उत्तर आहे. तुम्ही ऑर्डर दिली ती पैसे द्यायच्या बोलीवर दिली, पैसे माफ झाले ते हाड निघाल्यानंतर, आणि ग्राहकाच्या व्याख्येत मोबदला दिलेला असो की द्यायचं कबूल केलेलं असो, दोन्ही बसतं. शिवाय पैसे भरणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणारा माणूस पण ग्राहकच असतो, म्हणजे बिल तुम्ही भरलंत तरी बाबा स्वतः तक्रारदार होऊ शकतात. पण हे उत्तर चालायला घटनांचा क्रम कागदावर स्पष्ट पाहिजे: ऑर्डर, मग वाढणं, मग हाड, मग कबुली, मग माफी आणि शेवटी पैसे माफ. तुमच्या पत्राचं मुख्य काम हा क्रम नोंदवणं.

मग व्हेज ऑर्डरचा पुरावा कुठे शोधायचा? हॉटेलातच. तुम्ही ऑर्डर सांगितल्यावर कॅप्टनने किचनला एक चिठ्ठी पाठवली असणार, धंद्यात तिला केओटी म्हणतात, त्यावर टेबल नंबर, वेळ आणि "व्हेज थाळी 2, मटण थाळी 2" असं लिहिलेलं असतं. छापील बिल देणाऱ्या हॉटेलात हे सगळं कॉम्प्युटरवर असतं आणि नंतर पैसे माफ केले तरी आयटम हवेत जात नाही, तो रद्द म्हणून नाहीतर एनसी म्हणजे नो चार्ज म्हणून नोंदला जातो, कुणी केला आणि किती वाजता केला ते पण बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये दिसतं. छोट्या ठिकाणी हाताने लिहिलेली केओटी असेल तर ती आठवड्याभरात रद्दीत जाते. आमच्याकडे तर संध्याकाळी गल्ला मोजला की चिठ्ठ्या चुलीत जायच्या. कॅमेऱ्याचं पण तसंच, डिस्क भरली की जुन्यावर नवीन चढतं, कुठे पंधरा दिवस राहतं कुठे महिनाभर. तुमचा रविवार होऊन किती दिवस झाले ते मोजा आणि त्या हिशोबाने पत्र या आठवड्यातच जाऊ दे, भाषा सजवत बसू नका.

फोटोबद्दल. बायकोच्या मोबाईलमधला मूळ फोटो डिलीट करू नका, एडिट करू नका, व्हॉट्सॲपवर पाठवलेली कॉपी म्हणजे मूळ फोटो नव्हे कारण त्यात फोटो काढल्याची वेळ-तारीख निघून जाते. फोटोत थाळी पूर्ण दिसतीय का बघा, व्हेज थाळीतली भाजी-उसळ आणि शेजारी ती वाटी एकत्र दिसत असेल तर दुसऱ्या मुद्द्याला तुमच्याकडे चांगलं उत्तर आहे. नुसती वाटी असेल तर फोटोचं वजन कमी, पण तरी असू दे.

बरेच जण विचारतात की रस्सा लॅबला द्यायचा का. आता तुमच्या बाबतीत ती वेळ गेली, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. अन्न सुरक्षा कायद्यात ग्राहकाला स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, पण अट अशी की विकत घेतानाच हॉटेलवाल्याला सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे. घरी नेऊन डब्यात ठेवलेला रस्सा चार दिवसांनी दिला तर तो त्याच हॉटेलचा होता हे कोण मानणार? आणि ती घरगुती परीक्षा, वाटी गार झाली की वर चरबीची साय धरते म्हणजे मटणच, ती पण पुरावा म्हणून लिहू नका. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध असतं आणि खोबरेल तेल थंडीत थिजतं हे आपल्याला बाटलीवरून माहितीच आहे, व्हेज रस्सा पण थंडीच्या दिवसात वर पांढरा थर धरू शकतो. तुमच्याकडे हाड आहे आणि वाढप्याची कबुली आहे, चवीपेक्षा आणि चरबीपेक्षा ते कितीतरी पक्कं.

पत्र कुणाच्या नावाने? पाटीवरचं नाव हे बऱ्याचदा नुसतं नाव असतं, मालक कुणी वेगळाच असतो, कधी चालवायला दिलेलं असतं. बिलावर 14 अंकी एफएसएसएआय नंबर बघा, 1 जानेवारी 2022 पासून तो बिलावर छापणं सक्तीचं आहे. तो foscos.fssai.gov.in वर टाकला की लायसन्स कुणाच्या नावाने आहे ते कळतं. नंबर 1 ने सुरू होत असेल तर लायसन्स, 2 ने होत असेल तर छोट्या धंद्याचं नुसतं रजिस्ट्रेशन. पत्र लायसन्सधारकाच्या नावाने आणि हॉटेलच्या पत्त्यावर. मॅनेजरच्या नावाने लिहू नका, तो पुढच्या महिन्यात दुसऱ्या हॉटेलात असेल.

आता पत्र. हे मी तुमच्या माहितीवरून लिहिलंय, रिकाम्या जागा भरा आणि जे तुम्हाला नक्की आठवत नाही ते काढून टाका. अंदाजाने वेळ लिहायची असेल तर "सुमारे" लिहा.

> दिनांक: ……
>
> प्रति,
> मालक / लायसन्सधारक, ……
> (एफएसएसएआय क्रमांक ……), कोल्हापूर
>
> विषय: दि. …… रोजी शाकाहारी थाळीत मांसाहारी रस्सा वाढल्याबाबत
>
> महोदय,
>
> दि. …… रोजी दुपारी सुमारे …… वाजता मी, माझी पत्नी आणि माझे आई-वडील आपल्या हॉटेलमध्ये जेवायला आलो होतो. आम्ही टेबल क्र. …… वर बसलो. मी दोन मटण थाळी आणि आई-वडिलांसाठी दोन व्हेज थाळी अशी ऑर्डर दिली. वडील माळकरी असून 22 वर्षांपासून मांसाहार करत नाहीत.
>
> थाळीसोबत आलेली पहिली वाटी व्यवस्थित होती. सुमारे …… वाजता आपल्या कर्मचाऱ्याने वडिलांच्या रिकाम्या वाटीत बादलीतून पांढरा रस्सा पुन्हा वाढला. तो खाताना वडिलांच्या तोंडात हाडाचा तुकडा आला. त्यावेळी आई-वडील एका बाजूला आणि आम्ही दोघे समोरच्या बाजूला बसलो होतो. आमच्या ताटातला कोणताही पदार्थ त्यांच्या ताटात गेला नव्हता.
>
> सदर कर्मचाऱ्याला दाखवल्यावर तो "चुकून झालं साहेब" असे म्हणाला. त्यानंतर मॅनेजरने माफी मागितली आणि दोन्ही व्हेज थाळीचे पैसे घेणार नाही असे सांगितले. त्यामुळे बिल क्र. …… मध्ये फक्त दोन मटण थाळीचे रु. 798 लावले आहेत. व्हेज थाळीची ऑर्डर आम्ही पैसे देण्याच्या बोलीवरच दिली होती.
>
> आपणास विनंती की,
> सदर टेबलची केओटी, बिलिंगमधील रद्द / नो चार्ज नोंद आणि त्या दिवशीचे दुपारी …… ते …… या वेळेतील सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवावे व त्याची प्रत मला द्यावी.
> व्हेज आणि नॉनव्हेज रस्सा वाढण्यासाठी वेगळी भांडी व वेगळे कर्मचारी होते का, हे लेखी कळवावे.
> झालेल्या चुकीबद्दल वडिलांच्या नावाने लेखी माफी द्यावी.
> बिलाची रक्कम रु. 798 आणि वडिलांना झालेल्या मानसिक त्रासापोटी रु. …… द्यावेत.
>
> हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रार दाखल करेन.
>
> सोबत: बिलाची प्रत, यूपीआय पेमेंटचा पुरावा, फोटो.
>
> आपला,
> ……

वाचताना तुम्हाला हे मिळमिळीत वाटेल, मला माहिती आहे, प्रत्येक अशीलाला वाटतं. पण बघा यात काय काय झालंय. टेबलावर कोण कुठे बसलं होतं ते एक वाक्य कशाला, असं वाटेल, ते दुसऱ्या मुद्द्यासाठी आहे. आणि ते खरं असेल तरच ठेवा हां, शेजारी शेजारी बसला असाल तर तसं लिहा, कॅमेऱ्यात दिसतंच. "पहिली वाटी व्यवस्थित होती" हे वाक्य तुमच्या विरोधात जातंय असं वाटतं पण ते तुमच्या बाजूचं आहे, कारण त्यातून दिसतं की तुम्ही व्हेज मागवलेलं त्यांना कळलं होतं आणि तसं त्यांनी दिलं पण होतं, चूक बादलीवाल्याच्या फेरीत झाली. आणि "पैसे देण्याच्या बोलीवर" हे फुकट सेवेवालं दार बंद करतं.

दुसऱ्या विनंतीतला प्रश्न मला सगळ्यात आवडतो. "वेगळी भांडी होती का" याला हॉटेलवाला हो म्हणाला तर मग हाड आलं कसं हे त्याला सांगावं लागेल, आणि नाही म्हणाला तर निष्काळजीपणा त्यानेच कबूल केला. उत्तरच दिलं नाही तर पुढे आयोगासमोर ते गप्प राहणं पण बोलतं. सीसीटीव्ही वेळेत मागूनसुद्धा दिलं नाही तर आयोग त्याचा अर्थ त्यांच्याविरुद्ध काढू शकतो. काढेलच असं नाही, पण तुम्ही लेखी मागितलंच नसेल तर तो प्रश्नच येत नाही.

आता 5 लाख. मागायला कायद्याची बंदी नाही. पण काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एकजण आले होते, त्यांनी वकिलाकडे यायच्या आधीच स्वतः चार पानी पत्र पाठवलं होतं, त्यात 10 लाख मागितले होते, मटणाच्या जागी रागाच्या भरात चिकन लिहिलं होतं आणि वर "पैसे नाही दिले तर तुमचं हॉटेल सगळीकडे व्हायरल करतो" असं शेवटी. समोरच्या वकिलाने त्या पत्रावरच सगळी उलटतपासणीची प्रश्नावली बेतली, नक्की काय होतं, मटण की चिकन? आणि खंडणीची तक्रार करू अशी उलट नोटीस आली ती वेगळीच. माणूस खरा होता, बायकोचा उपास मोडला होता, पण सहा महिने आम्ही ते पत्र सावरण्यातच घालवले आणि शेवटी बिलाचे पैसे आणि माफीवर मिटवलं. म्हणून पैशाची मागणी आणि बदनामीची धमकी एका कागदावर कधीच आणू नका, तोंडी पण नको, व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको. गूगलवर रिव्ह्यू लिहायचा तुम्हाला हक्क आहे, पण उत्तराची मुदत संपेपर्यंत थांबा आणि लिहाल तेव्हा जेवढं पत्रात आहे तेवढंच लिहा.

आकडा म्हणाल तर मी असते तर तुमच्या केसमध्ये 25 ते 50 हजारांच्या मधला काहीतरी लिहिला असता. हा माझा अंदाज आहे, कुठल्या तक्त्यातून काढलेला नाही. दवाखान्यात जावं लागलं असेल तर ती बिलं जोडून आकडा वाढेल. बाबा नीट जेवत नाहीत म्हणता, तर एकदा डॉक्टरांना दाखवाच, केससाठी म्हणून नाही, खरंच दाखवा. मानसिक त्रास मोजायचा कसा तर माळेला 22 वर्षं झाली हे दाखवता आलं पाहिजे, दिंडीतले जुने फोटो, दिंडीप्रमुखांचं दोन ओळींचं पत्र, असं काही असेल तर आत्ताच गोळा करून ठेवा. मुंबईच्या ज्या केसचं वर सांगितलं त्यात नुसतं "भावना दुखावल्या" म्हणून भागलं नव्हतं.

पत्र स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा, जुन्या रजिस्टर एडीची सेवा आता स्पीड पोस्टमध्येच गेलीय. डिलिव्हर झाल्याचं ट्रॅकिंगचं पान प्रिंट काढून ठेवा, ते काही दिवसांनी साइटवरून जातं. त्याच दिवशी पत्राचा फोटो मॅनेजरच्या व्हॉट्सॲपवर पण टाका, सोबत साधा मेसेज, "नमस्कार, रविवारच्या प्रकाराबद्दल पत्र पाठवलंय, मालकांना द्यावं". पुष्कळदा मॅनेजर सवयीने लिहून जातो "सॉरी सर त्या दिवशी पोराकडून चूक झाली". तो मेसेज आला की तुमची केस निम्मी उभी राहिली समजा. स्क्रीनशॉटवर भागवू नका, तो फोन पण जपा, विकू नका.

पंधरा दिवसांत काहीच आलं नाही तर? 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, ती निकाल देत नाही पण हॉटेलकडे तक्रार पाठवते आणि कधी कधी तिथेच मिटतं. नाहीतर सरळ जिल्हा ग्राहक आयोग. आणि इथे तुमच्यासारख्या बाहेरगावच्या लोकांना माहिती नसलेली एक गोष्ट: 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. तुम्हाला तारखांना कोल्हापूरला यायची गरज नाही, पुण्यातच करा, हॉटेलवाल्याला यावं लागेल. e-jagriti.gov.in वरून ऑनलाइन भरता येते. फी किती हे मागितलेल्या भरपाईवर नाही तर तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर ठरते आणि 5 लाखांपर्यंत ती शून्य आहे, म्हणजे तुमच्या 798 ला काहीच नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षं. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती मुदत वाढत नाही, हे लक्षात ठेवा, "बघतो, देतो" करत वर्ष घालवणारे मालक मी बघितलेत. आणि खरं सांगायचं तर तक्रारीआधी नोटीस देणं कायद्याने सक्तीचं पण नाही, पण पत्र न देता गेलात तर केओटी आणि कॅमेऱ्याचा मुद्दा हातातून जातो.

अन्न औषध प्रशासनाकडे पण तक्रार करता येते. ग्राहकाने मागितलेल्या प्रकारचं अन्न न देणं यासाठी अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 50 मध्ये 5 लाखांपर्यंत दंड आहे, नुसत्या रजिस्ट्रेशनवाल्या छोट्यांना तो 25 हजारांपर्यंतच. बहुतेक तिथूनच लोकांच्या डोक्यात 5 लाख हा आकडा बसतो, पण तो दंड सरकारजमा होतो, तुम्हाला मिळत नाही. या तक्रारीचा उपयोग असा की अधिकारी जाऊन किचन बघतात. ती करायची की नाही हे मी तुमच्यावर सोडते. मालकाने नीट उत्तर दिलं, माफी दिली, आणि बादल्या वेगळ्या केल्या तर मी सहसा अशीलांना थांबायला सांगते. आमच्या खानावळीत माझ्या बाबांनी अशीच एक चूक झाल्यावर व्हेजच्या बादलीच्या कडीला हिरवी चिंधी बांधली होती आणि ती बादली एका म्हाताऱ्या मावशींशिवाय कुणी उचलायची नाही असा नियम होता. खर्च काय झाला असेल, चिंधीचा?

आणि बाबांबद्दल. मी वकील आहे, महाराज नाही, पण माझे सासरे पण माळकरी होते. तुमच्या बाबांना ज्यांनी माळ घातली ते कुणी हयात असतील तर एकदा बाबांना त्यांच्याकडे घेऊन जा, नाहीतर फोन तरी लावून द्या. नकळत झालेल्याचं काय करायचं हे ते लोक शांतपणे सांगतात, आणि त्यांचं बाबा ऐकतील, तुमचं-माझं ऐकणार नाहीत. लेखी माफी पण बाबांच्या नावाने मागा म्हटलं ते त्यासाठीच.

बिलावर टेबल नंबर आणि वेळ छापलेली आहे का ते आजच बघा. थर्मल कागदावरचं बिल असेल तर ते काही महिन्यांत पांढरं पडतं, आधी झेरॉक्स काढा, लॅमिनेशन करू नका, उष्णतेने काळं होतं.